सुट्टीचा थिटा फुकट वाटणाऱ्या गुरुजींस



गुरुजी, तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्या चॅनेलवर येणाऱ्या हजारो लोकांना ते ठाऊक आहे आणि उरलेल्यांना ते कळायची गरज नाही. तुमची शिकवण मात्र शब्दशः लिहायला हवी, कारण प्रत्येक लाँग वीकेंडच्या आदल्या दुपारी तुम्ही ती त्याच शब्दांत पाठवता: ‘उद्या बाजार बंद, परवा बंद, पण थिटा चालू. स्ट्रॅडल विका आणि फॅमिलीसोबत फिरायला जा.’ माझा मावसभाऊ तुमच्या या शब्दांवर विश्वास ठेवून फिरायला गेला होता. मी ब्रोकरच्या ऑफिसात डीलर म्हणून काम करतो, त्यामुळे तो परत आल्यावर काय झालं ते मला स्क्रीनवर पाहावं लागलं. त्याबद्दल तुम्हाला लिहितोय आणि सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना तुमची भाषा येत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ऑप्शनच्या किमतीत उरलेल्या वेळेचे पैसे असतात आणि दिवस सरतो तसे ते विरघळत जातात, त्यालाच थिटा म्हणतात. स्ट्रॅडल विकणारा एकाच भावाचा कॉल आणि पुट दोन्ही विकतो, दोन्हीचा प्रीमियम घेतो आणि बाजार फार हलू नये अशी आशा धरतो. बाजार बंद असला तरी कॅलेंडरचे दिवस सरतातच. म्हणून तीन दिवसांची सुट्टी म्हणजे तीन दिवसांचा प्रीमियम आणि धोका शून्य, असं तुमचं गणित आहे.

या गणितात पहिली खोट अशी, की ते फक्त तुम्हालाच सुचलंय असं तुम्ही गृहीत धरता. ऑप्शनमध्ये दिवसभर भाव देणारे मोठे खेळाडू सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच गणितात घालून बसलेले असतात. शुक्रवारी दुपारनंतर प्रीमियम जरा जास्तच पटकन उतरतो, तो त्यामुळेच. म्हणजे तीन वाजता तुमचे शिष्य विकायला येतात तेव्हा सुट्टीचे बरेचसे दिवस भावातून आधीच कापलेले असतात. हे कोणीही स्वतः तपासू शकतं. निफ्टी जवळजवळ तिथेच उघडली असा एखादा सोमवार धरा. शुक्रवारी तीन वीसला स्ट्रॅडलचा भाव काय होता आणि सोमवारी नऊ वीसला काय आहे, ते लिहून ठेवा. तीन दिवसांची घट क्वचितच दिसेल. बहुतेकदा साधारण एका दिवसाचीच दिसते. म्हणजे जे फुकट मिळतं म्हणून तुम्ही सांगता, ते मुळात फारसं मिळतच नाही.

दुसरी खोट जास्त गंभीर आहे, आणि तिच्यासाठी आधी तुमच्या बाजूचं खरं सांगतो. सुट्टीत बाजार कमी हलतो, हे खोटं नाही. केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल या दोन अभ्यासकांनी 1986 साली अमेरिकी शेअरांचे आकडे तपासले. शुक्रवारच्या बंदपासून सोमवारच्या बंदपर्यंत तीन दिवस जातात, म्हणून भावातली चढउतार तिप्पट असायला हवी. त्यांना ती साध्या दिवसापेक्षा जेमतेम दहा-अकरा टक्के जास्त आढळली. बाजार चालू असतो तेव्हाच भाव जास्त हलतात. तुमचे सोमवार एकामागोमाग एक यशस्वी होतात आणि तुमचे स्क्रीनशॉट हिरवे असतात, ते याचमुळे. पण त्या अभ्यासातला शनिवार-रविवार जवळजवळ सगळ्या जगाचा होता. न्यूयॉर्क बंद, लंडन बंद. आपल्या सुट्ट्या तशा नसतात. महावीर जयंतीला दलाल स्ट्रीट बंद असतो, वॉल स्ट्रीट नाही. आंबेडकर जयंतीला मुंबई बंद असते, हाँगकाँग नाही. म्हणून सुट्टी किती दिवसांची आहे हे मोजून धोका कळत नाही. आपण बंद असताना बाकीचे किती वेळा उघडले, ते मोजावं लागतं. तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही हे मोजलेलं मी पाहिलेलं नाही.

एप्रिल 2025 मध्ये हे मोजायची संधी तुम्हाला नऊ दिवसांत तीनदा आली. गुरुवार 10 तारखेला महावीर जयंती, सोमवार 14 ला आंबेडकर जयंती आणि शुक्रवार 18 ला गुड फ्रायडे. त्याआधी 2 तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगभरच्या मालावर आयातशुल्क जाहीर केलं होतं आणि 7 तारखेच्या सोमवारी आपली निफ्टी उघडतानाच हजारावर अंकांनी कोसळली होती. बाजार इतका पेटलेला असताना तुम्ही 9 तारखेच्या बुधवारी मेसेज पाठवलात: ‘घबराट म्हणजे जाडा प्रीमियम. उद्या सुट्टी. विका.’

त्या दिवशी निफ्टी 22,399 ला बंद झाली. गुरुवारी सुट्टी असल्यामुळे त्या आठवड्याची एक्स्पायरी बुधवारीच उरकली होती, त्यामुळे माझ्या मावसभावाने पुढची, म्हणजे 17 एप्रिलची, 22,400 ची स्ट्रॅडल विकली. दोन लॉट. तेव्हा लॉट 75 चा होता. दोन्ही मिळून प्रीमियम हिशेबाच्या सोयीसाठी 560 धरतो. त्या दिवशीच्या व्हीआयएक्सवरून गणित केलं तरी आकडा याच्याच आसपास येतो. म्हणजे 21,840 ते 22,960 या पट्ट्यात एक्स्पायरी झाली, की तो सुरक्षित.

आपला बाजार साडेतीनला बंद झाला. त्याच रात्री अकराच्या सुमारास अमेरिकेने बहुतेक देशांवरचं नवं शुल्क 90 दिवस थांबवलं. न्यूयॉर्कचा एस अँड पी 500 एका दिवसात साडेनऊ टक्के वर गेला. 2008 नंतर एवढी उडी त्याने मारली नव्हती. गुरुवारी आपण बंद होतो, आणि तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास खाली आला. म्हणजे बुधवार दुपार ते शुक्रवार सकाळ या काळात अमेरिकेची दोन पूर्ण सत्रं होऊन गेली आणि आपण दोन्हींत हजर नव्हतो. शुक्रवारी सकाळी दोन्हींची वजाबाकी होऊन निफ्टी 22,695 च्या आसपास उघडली, सुमारे 300 अंक वर. ही सुट्टी नसती तर गुरुवारी गॅप कदाचित याहून मोठा झाला असता, हेही मी मान्य करतो. बंद दरवाजा कधी कधी वाचवतो. पण वाचवणार की बुडवणार, हे दरवाजा लावताना कोणालाच माहीत नसतं.

शुक्रवारी निफ्टी 22,828 ला बंद झाली. आता हा प्रसंग नीट बघा, कारण तुमच्यावरचा माझा सगळा राग इथे आहे. विकलेला कॉल 428 अंक पैशात होता. त्यात उरलेल्या सहा दिवसांचे पैसे आणि पुटची शिल्लक मिळवली, तर स्ट्रॅडल परत घ्यायला 590 च्या आसपास लागले असते. म्हणजे लॉटमागे दोन-सव्वादोन हजारांचा तोटा. दोन लॉटचे साडेचार हजार. बाजार चालू होता, समोर घेणारे-विकणारे होते, बाहेर पडायला अख्खी दुपार होती. मावसभावाने तुमच्या चॅनेलवर विचारलंही. तुमचं उत्तर अजून त्याच्या फोनवर आहे: ‘शनि, रवि, सोम. तीन दिवस थिटा. मंगळवारी हसत बाहेर पडू.’

शनिवारी बातमी आली, की स्मार्टफोन आणि कॉम्प्युटरना अमेरिकेने त्या वाढीव शुल्कातून वगळलं. शुक्रवारी रात्रीचं न्यूयॉर्कचं सत्र आपल्यानंतर झालं होतं, सोमवारचंही आपल्याशिवाय झालं. पुन्हा दोन सत्रं. मंगळवार 15 तारखेला सव्वानऊला निफ्टी 23,368 च्या आसपास उघडली. शुक्रवारच्या बंदपेक्षा 540 अंक वर. मधे एकही सौदा नाही. 22,960 चा पट्टा ओलांडताना तिथे थांबून बाहेर पडायची संधी कोणालाही मिळाली नाही, कारण 22,828 आणि 23,368 यांच्यामध्ये बाजार अस्तित्वातच नव्हता.

बुधवारचं बंद ते मंगळवारचं उघडणं यांत निफ्टी एकूण सुमारे 970 अंक चढली. त्यातले सुमारे 835 अंक दोन गॅपमध्ये गेले, आणि उरलेले 135 तेवढे शुक्रवारी बाजार चालू असताना. तुम्ही लोकांना चार्ट वाचायला शिकवता, सपोर्ट-रेझिस्टन्स शिकवता, पाच मिनिटांच्या कॅंडल शिकवता. हे सगळं त्या 135 अंकांपुरतं उपयोगाचं होतं.

आता तुमच्या स्टॉपलॉसबद्दल. ‘एसएल लावा आणि निवांत झोपा’ हे तुमचं आवडतं वाक्य आहे. शुक्रवारी लावलेली एसएल ऑर्डर शुक्रवारी संध्याकाळीच रद्द होते, ती फक्त त्या दिवसाची असते. सुट्टीचे तीन दिवस त्या माणसाचा कोणताही स्टॉपलॉस कुठेही नसतो. मावसभावाने सोमवारी रात्री ऑर्डर टाकून ठेवली: कॉल 600 ला गेला तर 610 पर्यंत परत घे. ऑप्शनमध्ये एसएल-मार्केट ऑर्डर एनएसईने सप्टेंबर 2021 पासून बंद केली आहे, त्यामुळे अशी मर्यादा द्यावीच लागते. मंगळवारी कॉल हजाराच्या घरात उघडला. 600 चा ट्रिगर लगेच लागला आणि 610 ला घ्यायची ऑर्डर बाजारात जाऊन बसली. हजाराचा माल 610 ला कोण देणार? ऑर्डर स्क्रीनवर ‘ओपन’ दाखवत राहिली. मावसभाऊ तेव्हा अलिबागहून परतीच्या रस्त्यावर होता आणि एसएल लागला असं समजून शांत होता. दहाच्या सुमारास मार्जिन कमी पडल्याचा मेसेज आला, तेव्हा त्याने मला फोन केला.

विकलेला कॉल निव्वळ 968 अंक पैशात होता. प्रीमियमचे 560 वजा करा, 408 उरतात. दीडशेने गुणा: 61,200 रुपये. हा कमीत कमी तोटा झाला. सकाळच्या गडबडीत घेणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या भावांतलं अंतर रुंद असतं, त्यात गेलं ते वेगळं. साडेचार हजारांवर सुटणारा माणूस 60 हजारांच्या वर गेला, आणि मधल्या काळात त्याने काहीही केलं नव्हतं. तुम्ही सांगितलं म्हणून तो फक्त थांबला होता.

मंगळवारी दुपारी तुम्ही नवं ज्ञान दिलंत: ‘गॅप भरतोच. होल्ड करा.’ कोणता गॅप भरतो आणि कोणता नाही, यात फरक असतो गुरुजी. एखाद्या सुट्टीनंतर बाजार कोणाच्या तरी आशेवर किंवा पातळ खरेदीवर वर उघडतो, तो बहुधा खाली येतो. 2025 च्या दिवाळीत असं घडलं. 21 ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन, एका तासाचं मुहूर्ताचं सत्र झालं. निफ्टी 25,868 ला बंद. दुसऱ्या दिवशी पाडव्याची सुट्टी. 23 तारखेला अमेरिकेशी व्यापारकराराच्या आशेवर ती 26,050 च्या वर उघडली, आणि दिवसअखेर 25,891 ला आली. जवळजवळ सगळा गॅप भरला. पण मुहूर्ताच्या त्या तासात लोक पूजेपुरता एक-एक शेअर घेतात, मोठे फंड आणि परदेशी संस्था फारशा नसतात, व्हॉल्यूम नेहमीच्या दिवसाच्या तुलनेत अगदीच कमी असतो. अशा सत्राचा बंद भाव मुळात भक्कम नसतो. त्यावरून मोजलेला गॅपही तितकाच कच्चा.

एप्रिलमधला गॅप तसा नव्हता. जगभरच्या बाजारांनी दोन दिवस भरपूर व्हॉल्यूमने जो भाव ठरवला होता, तो आपल्या बाजाराने सव्वानऊला एका फटक्यात स्वीकारला. त्या दिवशी निफ्टी 23,328 ला बंद झाली, म्हणजे उघडली जवळपास तिथेच. 22,828 पर्यंत ती त्या आठवड्यात आली नाही, आणि मेमध्ये सीमेवर तणाव पेटला तेव्हाही आली नाही. 17 तारखेला, एक्स्पायरीच्या दिवशी, ती 23,851 ला बंद झाली. तुमचं ऐकून ज्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं, त्यांचा तोटा लॉटमागे 67 हजारांच्या घरात गेला.

आता त्याच महिन्यातली तिसरी सुट्टी बघा, कारण माझं म्हणणं तिच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. 17 तारखेच्या गुरुवारी बंद झालेला बाजार थेट 21 तारखेच्या सोमवारी उघडला. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारच्या आंबेडकर जयंतीने झाली तेवढीच लांब सुट्टी. गॅप किती झाला? सुमारे शंभर अंक. कारण गुड फ्रायडेला न्यूयॉर्क आणि लंडनही बंद होते. आपल्या बंदनंतर अमेरिकेचं गुरुवारचं एकच सत्र झालं, तेही शांत. गुरुवारच्या एका दिवसाच्या महावीर जयंतीने 300 चा गॅप दिला, तीन दिवसांच्या गुड फ्रायडेने शंभरचा. ही मोजणी करायला पंचांग लागत नाही. इथल्या आणि अमेरिकेच्या सुट्ट्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की दोन मिनिटांत होते.

पुढच्या सुट्टीच्या आधी हे तरी तुमच्या चॅनेलवर लिहा. आपण बंद झाल्यापासून उघडेपर्यंत न्यूयॉर्कची किती सत्रं आहेत, ते लिहा. एक किंवा शून्य असेल आणि बाहेर काही पेटलेलं नसेल, तर तुमचा सौदा चालू शकतो, आणि मीही विरोध करणार नाही. दोन असतील, तर उघडी विक्री ठेवू नका, पंख लावा. म्हणजे मावसभावाने 23,000 चा कॉल आणि 21,800 चा पुट प्रत्येकी 80 ला घेऊन ठेवले असते, तर हातात 560 ऐवजी 400 उरले असते. कमाई कमी झाली असती, हे खरंच आहे, आणि शांत सुट्ट्यांमध्ये हे 160 दर वेळी वाया जातात. पण निफ्टी कितीही वर गेली तरी तोटा लॉटमागे 200 अंकांवर, म्हणजे 15 हजारांवर, अडला असता. हा विमा शुक्रवारी दुपारी महाग वाटतो म्हणून तुम्ही तो कधी सांगत नाही. तुमच्या स्क्रीनशॉटवरचा आकडा त्याने लहान होतो.

आणि गिफ्ट निफ्टीचा दिलासा देऊ नका. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत तिचे सौदे दिवसातले बहुतेक तास चालतात, आपल्या बऱ्याच सुट्ट्यांनाही चालतात, हे खरं आहे. पण इथल्या सामान्य ट्रेडरला तिथे सौदा करता येत नाही. सुट्टीच्या रात्री त्याला फक्त दिसतं, की मंगळवारी सकाळी आपलं किती जाणार. हात बांधलेलेच असतात.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या जुन्याच मेसेजमध्ये अजून आलेली नाही. सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी आली आहे. म्हणजे सोमवारची सुट्टी आता पूर्वीसारखी राहिली नाही. शुक्रवारी विकलेला ऑप्शन थेट एक्स्पायरीच्या सकाळी उघडतो. गुरुवारच्या एक्स्पायरीत सोमवारच्या सुट्टीनंतर सावरायला, बदल करायला दोन-तीन दिवस हातात असायचे. आता सहा तास असतात, आणि त्या दिवशी निफ्टी शंभर अंक हलली तर जवळच्या ऑप्शनचा भाव दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. तुमचा ‘शुक्रवार दुपार, मंगळवार सकाळ’ हा सौदा पूर्वीपेक्षा कितीतरी धारदार झालाय आणि तुमचा मेसेज मात्र अक्षर न बदलता तोच आहे.

तुमच्या चॅनेलवर 9 आणि 11 एप्रिलचे तुमचे सल्ले आज सापडत नाहीत. 21 तारखेचा हिरवा स्क्रीनशॉट मात्र वर पिन केलेला आहे. पुसलेले मेसेज ज्यांनी वाचले होते त्यांच्या फोनवर ते अजून आहेत, आणि माझ्याकडे त्यांचे फोटो आहेत. तेव्हा माझी मागणी साधी आहे: 9 एप्रिल ते 17 एप्रिल 2025 या काळातलं तुमच्या स्वतःच्या खात्याचं कॉन्ट्रॅक्ट नोटसकट विवरण त्याच चॅनेलवर टाका. तुम्ही तेव्हा खरोखर स्ट्रॅडल विकली होती की फक्त विकायला सांगितली होती, आणि विकली असेल तर शुक्रवारी दुपारी धरून ठेवली की गुपचूप बाहेर पडलात, एवढं त्या लोकांना कळू द्या.

कळावे,
ब्रोकरच्या ऑफिसातला एक डीलर, ठाणे